तुमचं तिसरं नाव

ताई, मी एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचा विभागप्रमुख आहे. विभागातल्या दोघांनी मिळून चार पेपर केले. बाई घाटात हिंडून वनस्पती गोळा करतात, ओळख पटवतात. सर अर्क काढून विश्लेषण करतात, लिहितात. तीन पेपरवर सरांचं नाव पहिलं, एकावर बाईंचं. यावरून दोन वर्षं भांडण चालू आहे, आता बोलणंही बंद. पाचवा पेपर तयार आहे, पण क्रम ठरत नाही. मागच्या वेळी ‘दोघांचं योगदान समान’ अशी तळटीपही टाकली. माझं नाव शेवटी असतं, जर्नलशी पत्रव्यवहार मी बघतो, त्यामुळे मला यात स्वार्थ नाही. दोघांना कसं समजावू?

सर,

त्या दोघांना सध्या काही समजावू नका. तुमच्या पत्रातल्या शेवटून दुसऱ्या वाक्यावर मी अडले आहे. ते तुम्ही सहज लिहून गेलात, आणि भांडणाचं मूळ तिथंच आहे.

प्राध्यापकांच्या नेमणुकीची आणि बढतीची यूजीसीची 2018 ची नियमावली काढा आणि संशोधन गुणांच्या तक्त्याखालची टीप वाचा. पेपरचे लेखक दोनच असतील तर दोघांनाही प्रत्येकी 70 टक्के गुण मिळतात. दोनापेक्षा जास्त असतील तर 70 टक्के मिळतात ते पहिल्या, मुख्य किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला. बाकीच्यांना प्रत्येकी 30.

आता तुमचे चार पेपर घ्या. विज्ञान शाखेत एका पेपरचे मूळ गुण 8. जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरनुसार ते वाढतात, पण वाटणीचं प्रमाण तेच राहतं. 8 चे 70 टक्के 5.6 आणि 30 टक्के 2.4. या हिशेबानं सरांना चार पेपरचे 19.2 मिळतात, बाईंना 12.8. तुम्ही चारही वेळा पत्रव्यवहार करणारे लेखक, म्हणून तुम्हाला 22.4. तिघांत सर्वांत जास्त! आणि तुमचं नाव नसतं तर त्या दोघांना प्रत्येकी 22.4 मिळाले असते, पहिलं नाव कोणाचंही असलं तरी. तुम्ही हे जाणूनबुजून केलं असं मी म्हणत नाही. पण पहिल्या नावाला एवढी किंमत आली ती तुमच्या तिसऱ्या नावामुळे, आणि बाईंना वर्षानुवर्षं चिखल तुडवून तीस टक्के मिळतात तेही त्यामुळेच. ती तळटीप छापली जाते, पण गुणांच्या या वाटणीत समान योगदानाचा रकानाच नाही. ती टाकून तुम्ही फक्त स्वतःचं समाधान करून घेतलंत.

प्रश्न एवढाच, की त्या पेपरवर तुमचं नाव असायला हवं का? वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीची कसोटी आता इतर शाखांतली अनेक जर्नलंही मानतात. तीत चार अटी आहेत आणि चारही पुऱ्या व्हाव्या लागतात. कामाच्या आखणीत किंवा माहिती मिळवण्यात, तपासण्यात भरीव वाटा. लेखनात किंवा मजकुराच्या गंभीर दुरुस्तीत सहभाग. अंतिम मसुद्याला संमती. आणि उद्या कुणी शंका काढली तर उत्तर देण्याची जबाबदारी. निधी मिळवून देणं, प्रयोगशाळा उघडून देणं, सर्वसाधारण देखरेख ठेवणं यांची नोंद ऋणनिर्देशात होते.

स्वतःला विचारून बघा: बाईंनी एखादी वनस्पती तीच कशावरून ठरवली, जवळच्या जातीपासून वेगळी कशी काढली, नमुना कोणत्या हर्बेरियमला दिला? सरांनी अमुक द्रावकच का निवडला? हे त्यांना न विचारता तुम्हाला सांगता येत असेल आणि मसुद्यात तुमचा हात असेल, तर नाव राहू द्या. खरं काम करून नाव काढणं हीसुद्धा लबाडीच. पण तुमच्या पत्रात कोण हिंडतं, कोण अर्क काढतं, कोण लिहितं हे सगळं आलंय, आणि तुमच्या कामाचा एक शब्द नाही. फक्त पत्रव्यवहार आहे.

म्हणून पाचव्या पेपरवरून तुमचं नाव काढा, तेही पेपर पाठवण्याआधी. पाठवल्यावर लेखक बदलायचा तर जर्नल कारण विचारतं आणि सगळ्यांची लेखी संमती मागतं. पत्रव्यवहार त्या दोघांपैकी ज्याचं नाव दुसरं असेल त्याच्याकडे द्या. पहिलं नाव कोणाचं, ते त्यांना ठरवू द्या. गुणांचा प्रश्न उरला नाही की हा वाद नक्की किती मोठा होता ते दिसेल. थोडा उरेलच, कारण पुढं पेपरचा उल्लेख पहिल्या नावानं होतो. त्यासाठी सहाव्या कामाच्या आधी, पहिली फेरी घाटात जाण्यापूर्वी, कोण काय करणार आणि नाव कुठं येणार हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या.

छापलेल्या चार पेपरांचं काम जड आहे. तिथं दुरुस्तीसाठी संपादकाला तुम्हालाच लिहावं लागेल आणि तिघांच्या सह्या लागतील. ते पत्र मागायला त्या दोघांपैकी कोणीही तुमच्या केबिनमध्ये येणार नाही, कारण त्यांचे गोपनीय अहवाल तुमच्या हातात आहेत. उद्या दोघांना एकत्र बोलवा, नियमावलीचं ते पान समोर ठेवा आणि सांगा, “हे मी आधी वाचायला हवं होतं. माझं नाव काढतोय.” मग गप्प बसा आणि बाईंना आधी बोलू द्या.