घरात एकालाच चरबी कमी करायची आहे, बाकीच्यांना नाही. एकाच स्वयंपाकात हे कसं जमवता?

वेगळा स्वयंपाक करायच्या भानगडीत पडू नका, थोड्याच दिवसांत कंटाळून सोडाल. पण सगळ्या घराला त्या एकाच्या पथ्यावर बसवणं त्याहून वाईट. हे जरा तावातावानं लिहितेय, कारण आमच्या घरी यावरून चांगलंच वाजलं होतं.

नवऱ्याला डॉक्टरांनी पोटाची चरबी उतरवायला सांगितलं, तेव्हा नणंदबाई आमच्याकडेच राहायला होत्या. त्यांचं म्हणणं, "वहिनी, त्याला एकट्याला वेगळं वाढलं तर त्याला परकं वाटेल. सगळ्यांनीच कमी तेलाचं, कमी भाताचं खाल्लं तर बिघडतं कुठे?" बिघडतं ना! घरात रोज संध्याकाळी मैदानावर पळून येणारा वाढत्या वयाचा मुलगा, आणि वजन आधीच उतरत चाललेले सासरे. मुलगा जेवून उठला की तासाभरात बिस्किटांचा डबा शोधायचा. सासऱ्यांच्या पट्ट्याला आणखी एक भोक पाडावं लागलं. आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याचं वजन जागचं हललं नाही, कारण "हलकंच तर आहे" म्हणत तो दोनदा वाढून घ्यायचा. मी नणंदबाईंना तेव्हाही सांगितलं होतं आणि आजही सांगते: पातेलं एक असावं, ताटं वेगळी असावीत.

पातेल्यात जे पडतं ते चौघांच्या पोटात जातं. ताटात पडतं ते एकाच्याच. म्हणून पातेलं सगळ्यात कमी लागणाऱ्याच्या हिशेबानं शिजवायचं आणि बाकीच्यांचं तेल, तूप, लोणी त्यांच्या त्यांच्या ताटात घालायचं. उलटं करता येत नाही, शिजलेल्या डाळीतून तेल परत काढता येत नाही. आणि सगळ्यात मोठा फरक तेलानंच पडतो. एक ग्रॅम तेलात 9 कॅलरी, तर एक ग्रॅम पिष्टात किंवा प्रथिनात 4. मापाचा 15 मिलीचा एक चमचा तेल म्हणजे साधारण 120 कॅलरी. बाटलीतून अंदाजानं ओतलेलं "थोडंसं" तेल मोजून बघा, बहुतेक वेळा दोन-तीन चमचे भरतं.

आमची डाळच सांगते. चौघांसाठी 200 ग्रॅम कोरडी डाळ, म्हणजे 700 कॅलरीच्या आसपास. कांदा-टोमॅटोच्या 60 धरा. पूर्वी मी चार चमचे तेल घालायची, तेव्हा पातेल्यात 1240 व्हायच्या आणि प्रत्येकाच्या वाट्याला 310. आता एकच चमचा घालते. कांदा तळाला लागायला लागला की पाण्याचा हबका मारायचा आणि परतत राहायचं. तेल अगदीच वगळू नका. मसाल्याचा वास तेलात उतरतो, शून्य तेलाची डाळ उकडलेल्या औषधासारखी लागते आणि मग तीच माणसं बाहेर जाऊन खातात. तर एक चमच्यात पातेलं 880 वर येतं, वाट्याला 220. मग छोट्या कढल्यात लसूण आणि मिरची घालून तेल तापवते आणि ते वाटीत काढून चमच्यासकट मध्ये ठेवते. ज्याला हवं त्यानं आपल्या डाळीवर घ्यावं. वरून घातलेल्या तेलाचा वास आधी नाकाशी येतो, त्यामुळे बाकीच्यांना डाळ पूर्वीपेक्षा चांगलीच लागते.

वाटा बरोबर काढायचा असेल तर रिकाम्या पातेल्याचं वजन एकदाच करून कुठेतरी लिहून ठेवा. आमचं 900 ग्रॅमचं आहे. डाळ झाल्यावर सगळं मिळून 2700 भरलं, तर डाळ 1800 ग्रॅम. त्याचा पाव हिस्सा 450 ग्रॅम, त्यात 220 कॅलरी. पाणी रोज कमीजास्त आटतं, म्हणून कालचा आकडा आज चालत नाही. आणि रस्सा पातळ असेल तर वाढण्याआधी तळापासून ढवळा. तेल वर तरंगतं. पहिला डाव ज्याच्या ताटात पडतो त्याच्याकडे सगळा तवंग जातो, आणि आमच्याकडे पहिलं ताट नेमकं नवऱ्याचं असायचं.

आता लोक करतात ती गडबड सांगते. "त्याला सगळंच अर्धं वाढ." असं करू नका. सगळं अर्धं केलं की प्रथिनं आणि भाजीही अर्धी होते, मग रात्री दहाला भूक लागते आणि चरबीबरोबर स्नायूही झिजतो. कमी करायचं ते फक्त तेल आणि भात. डाळ आणि अंडी इतरांइतकीच, भाजी त्यांच्याहून जास्त. नवऱ्याच्या ताटात 450 ग्रॅम डाळ, दोन उकडलेली अंडी, 200 ग्रॅम भाजी आणि 120 ग्रॅम शिजलेला भात, सगळं मिळून सव्वासहाशेच्या आत. मुलाच्या ताटात तेवढीच डाळ वर एक चमचा तेल घालून, तीच दोन अंडी, भाजी निम्मी आणि भात 350 ग्रॅम. ते हजाराच्या जवळ जातं. दोघांची ताटं शेजारी ठेवली तर दोन्ही भरलेलीच दिसतात. परकेपणाचा प्रश्न उरला कुठे?

सासऱ्यांचं वेगळं. त्यांना जास्त जातच नाही, ताट मोठं केलं की नुसतं बघूनच पोट भरतं. त्यांना डाळ 300 ग्रॅमच, पण वर दोन चमचे तूप. थोडक्या घासांत जास्त ऐवज गेला पाहिजे.

भात नेहमी शिजल्यावरच मोजा आणि आकडाही शिजलेल्याचाच घ्या. 100 ग्रॅम कोरडे तांदूळ म्हणजे साधारण 350 कॅलरी, शिजवलेला 100 ग्रॅम भात म्हणजे 130. या दोन आकड्यांची सरमिसळ झाली की सगळा हिशेब कोलमडतो.

जमतंय की नाही ते दोन ठिकाणी कळतं. बाकीचे जेवणानंतर डबे उघडायला लागले तर त्यांच्या ताटात तेल-भात कमी पडतोय. आणि चरबी कमी करणाऱ्याचं वजन रोज पाण्यानं वरखाली होतंच, तिकडे लक्ष देऊ नका, पण आठवड्याची सरासरी दोन-तीन आठवडे हललीच नाही, तर त्याचा भात कापायच्या आधी पातेलं कोण निपटतंय ते बघा. आमच्याकडे उरलेला डावभर भात "वाया नको" म्हणून उभ्या उभ्या खाल्ला जायचा. आता उरलेलं सगळे जेवायला बसण्याआधीच डब्यात भरून फ्रिजमध्ये जातं.

एक राहिलंच. घरात दोन वर्षांखालचं मूल असेल तर त्याच्या खाण्यातली स्निग्धता मुळीच कमी करू नका. आणि चरबी कमी करणारा माणूस इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असेल, तर भात कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला, औषधाचं प्रमाण बदलावं लागू शकतं. कुणाचं खाण्यावरून मन आधीच बिनसलेलं असेल तर त्याच्यासमोर वजनकाटा काढू नका, स्वयंपाकघरातच मोजून ताट बाहेर आणा.

नणंदबाई अजूनही म्हणतात की घरात भेदभाव होतो. त्यांनी एकदा त्यांच्या वडिलांच्या पट्ट्याकडे बघावं. मधे पाडलेलं ते भोक आता लागत नाही.