आधी सर्वनामे सोडवा, मग विरोध शोधा

प्रश्न: आम्ही नाशिकमध्ये घरपोच डब्यांची ऑनलाइन सेवा सुरू करत आहोत. अटी व शर्तींचे पान मीच मराठीत लिहिले आहे. त्यातली कलमे एकमेकांना छेद देत नाहीत ना आणि ‘त्यांनी’, ‘आपण’ म्हणजे नेमके कोण हे स्पष्ट आहे ना, हे वकिलांकडे देण्याआधी मी कसे तपासू?

उत्तर: मी नाशिकमध्ये मुद्रितशोधनाचे काम करतो आणि अलीकडे छापील पुस्तकांइतकीच अशी पानेही तपासायला येतात. तुमच्यासारख्याच एका डबासेवेचे पान काही काळापूर्वी माझ्याकडे आले होते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले कामगार आणि कॉलेज रोड परिसरात खोली घेऊन राहणारे विद्यार्थी हे तिचे ग्राहक होते, आणि स्वयंपाक निरनिराळ्या खानावळचालक महिलांकडून येत असे. त्या पानातली तीन-चार कलमे उलगडून दाखवली, तर तुम्हाला काय करायचे ते कळेल असे वाटते. कलमांची भाषा मी थोडी बदलली आहे, दोष मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत.

बहुतेक जण आधी परस्परविरोधी कलमे शोधतात आणि सर्वनामांकडे भाषेची सफाई म्हणून शेवटी वळतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. कोणाचे खाते, कोणाची मुदत, कोणाची जबाबदारी हे ठरल्याशिवाय दोन कलमांत विरोध आहे की नाही, हे सांगताच येत नाही. हे तीन कलमांवरून दिसेल.

कलम 4: ‘खाडा करावयाचा असल्यास ग्राहकाने आदल्या दिवशी रात्री 8 वाजेपर्यंत कळवावे, त्या दिवसाची रक्कम कंपनी आपल्या खात्यात जमा करील.’

कलम 9: ‘महिना सुरू झाल्यानंतर कोणत्याही कारणास्तव रक्कम परत मिळणार नाही.’

कलम 11: ‘सलग 3 दिवसांपेक्षा कमी खाडा धरला जाणार नाही.’

कलम 4 मधील ‘आपल्या’ हा शब्द पाहा. मराठीत ‘आपला’ हे सर्वनाम सामान्यतः वाक्याच्या कर्त्याकडे वळते. इथे कर्ता कंपनी आहे, म्हणजे काटेकोर वाचनाने रक्कम कंपनीच्याच खात्यात जमा होते, जे अर्थातच कोणाच्याही मनात नव्हते. लिहिणाऱ्याने ‘आपल्या’ हे ग्राहकाला आदराने संबोधण्यासाठी वापरले होते. पण त्याच वाक्यात आधी ‘ग्राहकाने’ असे तृतीयपुरुषी लिहिले असल्यामुळे तो अर्थ वाक्यातून निघत नाही. शिवाय ते खाते ग्राहकाचे मानले, तरी ते बँकेतले की ॲपमधले, हे पुन्हा मोघमच राहते. ॲपमधले खाते असेल, तर कलम 4 आणि कलम 9 एकत्र नांदू शकतात, कारण रक्कम हातात परत मिळत नाही, ती पुढच्या डब्यांसाठी शिल्लक राहते. बँकेतले असेल, तर दोन्ही कलमे एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. म्हणजे या जोडीतला विरोध एका सर्वनामावर आणि एका नामावर अवलंबून आहे. ते दुरुस्त होण्याआधीच कलम 9 वर काट मारली असती, तर कदाचित चांगले कलम हकनाक गेले असते.

कलम 4 आणि कलम 11 यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे कोणतेही सर्वनाम अडवत नाही. विरोध उघड आहे. तो डोळ्यांना दिसत नाही याचे कारण एवढेच, की मध्ये सहा कलमे आहेत आणि वाचणारा अकराव्या कलमापर्यंत येताना चौथे विसरलेला असतो. म्हणून मी पान वरून खाली वाचून थांबत नाही, तर एक तक्ता करतो. त्यात प्रत्येक कलमातून पाच गोष्टी उतरवायच्या: कोणती घटना घडली, कोणी काय करायचे, मुदत किती व ती कोणत्या क्षणापासून मोजायची, रकमेचे काय होणार, आणि कलमाचा क्रमांक. मग ओळी घटनेप्रमाणे लावायच्या. ‘खाडा’ या घटनेखाली तीन ओळी एकाखाली एक आल्या, की वेगळे काही शोधावे लागत नाही. जिथे ‘कोणी’ हा रकाना भरता येत नाही, तिथे सर्वनामाचा किंवा कर्मणी वाक्यरचनेचा दोष आहे, हेही त्याच तक्त्यात कळते. ‘खाडा धरला जाणार नाही’ यात न धरणारा कोण, हे सांगितलेलेच नाही.

तक्ता झाला की एक कल्पित प्रसंग घेऊन त्याचे उत्तर पैशांत काढायचे. समजा, महिन्याचे 2,600 रुपये आणि 26 डबे, म्हणजे एका डब्याचे 100 रुपये. ग्राहकाने रविवारी रात्री साडेसात वाजता फक्त सोमवारचा खाडा कळवला. कलम 4 प्रमाणे त्याचे 100 रुपये जमा व्हायला हवेत. कलम 11 प्रमाणे एका दिवसाचा खाडा धरलाच जात नाही, म्हणून शून्य. कलम 9 प्रमाणे, खात्याचा अर्थ काय घेतला त्यानुसार, दोन्हींपैकी काहीही. एका प्रसंगाला दोन आकडे निघाले, की तो विरोध. मग वाक्ये वाचायला कितीही गोड लागोत. असे प्रसंग मुदतीच्या काठावरचे निवडावेत: बरोबर 8 वाजता कळवले तर, तिसऱ्या दिवशी ग्राहक परतला तर, महिन्याच्या शेवटच्या दिवशी सुरू झालेला खाडा पुढच्या महिन्यात गेला तर.

इथे एक पथ्य पाळावे लागते. मुद्रितशोधकाने, किंवा स्वतःचेच पान तपासताना तुम्ही, विरोध सापडताच पेन्सिलीने एक बाजू खोडू नये. एक दिवसाचा खाडा द्यायचा की नाही, हा धंद्याचा निर्णय आहे. त्यात खानावळचालकांचा शिधा आदल्या रात्री भरला जातो की सकाळी, असले प्रश्न येतात. त्या पानाच्या मालकाला मी फक्त दोन प्रश्न विचारले. उत्तर मिळाले, की एक दिवसाचा खाडा मान्य आहे, आणि 3 दिवसांची अट बँकेत पैसे परत हवे असतील तेव्हाचीच आहे. मग तिन्ही कलमे मोडून एकच कलम असे झाले:

‘ग्राहकास एखाद्या दिवसाचा डबा नको असल्यास त्याने आदल्या दिवशी रात्री 8 वाजेपर्यंत ॲपवर खाडा नोंदवावा. कंपनी त्या डब्याची रक्कम ग्राहकाच्या ॲपमधील शिल्लक खात्यात जमा करील. सलग 3 किंवा अधिक दिवसांचा खाडा असल्यास, ग्राहकाने मागणी केल्यावर कंपनी ती रक्कम ग्राहकाच्या बँक खात्यात परत करील. या दोन तरतुदी आणि वेळेत न पोहोचलेल्या डब्याची तक्रार यांखेरीज महिना सुरू झाल्यानंतर रक्कम परत मिळणार नाही.’

यात पहिल्या वाक्यातले ‘त्याने’ मी राहू दिले, कारण त्या वाक्यात दुसरी व्यक्तीच नाही. सगळी सर्वनामे काढून टाकली, तर मजकूर वाचवत नाही. जिथे दोन दावेदार असतील तिथेच नाम परत लिहावे.

असे दावेदार मराठीत विशेषतः आदरार्थी अनेकवचनामुळे तयार होतात. त्याच पानातले आणखी एक वाक्य होते: ‘डबा वेळेत न पोहोचल्यास खानावळचालकांनी ग्राहकांना कळवावे व त्यांनी 24 तासांत तक्रार न केल्यास ते जबाबदार राहणार नाहीत.’ यातले ‘त्यांनी’ ग्राहकांना लागते तितकेच खानावळचालकांनाही लागते. ‘ते’ कोण, याला तर तीन उत्तरे संभवतात, कारण डबा पोहोचवणारा मुलगा वाक्यात नसला तरी प्रसंगात आहे. 24 तास कधीपासून, हेही राहूनच गेले. सुधारलेले वाक्य लांबले, पण भांडण मिटले: ‘डबा ठरलेल्या वेळेत पोहोचणार नसल्यास खानावळचालकाने ग्राहकास फोन किंवा संदेशाने कळवावे. ग्राहकाने डबा पोहोचण्याच्या ठरलेल्या वेळेपासून 24 तासांच्या आत ॲपवर तक्रार नोंदवावी. या मुदतीत तक्रार न आल्यास त्या डब्याची रक्कम परत देण्यास कंपनी बांधील राहणार नाही.’

लिंगामुळे मराठीत बरेचदा संदर्भ आपोआप उलगडतो, पण अटींच्या पानावर हा आधार फार टिकत नाही, कारण योजना, नोंदणी, सदस्यता, ऑर्डर, रक्कम आणि तक्रार हे सगळेच शब्द स्त्रीलिंगी. ‘ग्राहकाने योजना घेतल्यावर 7 दिवसांत नोंदणी पूर्ण न केल्यास ती रद्द होईल’ यात नोंदणी रद्द झाली तर ग्राहक पुन्हा नोंदणी करील. योजना रद्द झाली तर भरलेल्या पैशांचा प्रश्न उभा राहतो.

शोधण्यासाठी संगणकावर Ctrl+F पुरते. ‘त्या’ एवढेच टाइप केले, तर त्याने, त्यांनी, त्यांच्या ही सगळी रूपे सापडतात; ‘आप’ टाकले तर आपण, आपल्या, आपणास मिळतात. तो, ती, ते, हे, सदर आणि उपरोक्त मात्र वेगळे शोधावे लागतात. पूर्ण शब्द शोधण्याचा पर्याय बंद ठेवावा, नाहीतर विभक्तीची रूपे निसटतील. ‘आम्ही’ हा शब्दही शोधा. सुरुवातीच्या व्याख्यांत तो कंपनीपुरता बांधलेला असेल आणि पुढे ‘आम्ही ताजे अन्न देतो’ असे आले, तर स्वयंपाकाची जबाबदारी खानावळचालकांकडून कंपनीकडे आली, असे कोणीही म्हणू शकेल.

वकिलांकडे जाताना हा तक्ता आणि न सुटलेले प्रश्न सोबत न्या. संदिग्ध अट ज्या पक्षाने लिहिली त्याच्याविरुद्ध वाचण्याकडे न्यायालयांचा कल असतो, आणि भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 29 नुसार ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही व निश्चित करताही येत नाही, तो रद्दबातल ठरतो. पानातल्या पानात विरोध नसूनही एखादे कलम कायद्याला छेद देत असू शकते, आणि ते तक्त्यात दिसणार नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे, कंपनीने स्वतःहून ऑर्डर रद्द केल्यावर तसाच भार ती उचलत नसेल, तर ऑर्डर रद्द करणाऱ्या ग्राहकाकडून तिला रद्द करण्याचे शुल्क घेता येत नाही. त्याच नियमांत तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात करण्याची मुदत आहे. तुमच्या पानावर याहून लांबची मुदत असेल, तर तो प्रश्न वकिलांच्या यादीत सर्वांत वर ठेवा.

कलमे जोडल्यावर किंवा काढल्यावर क्रमांक सरकतात, म्हणून ‘कलम 9 प्रमाणे’ असे जिथे जिथे म्हटले असेल ती प्रत्येक जागा पुन्हा उघडून पाहा. पैसे भरण्याच्या पडद्यावरचा मजकूर, नेहमीच्या प्रश्नांचे पान आणि ग्राहकाला जाणारे संदेश हेही त्याच तक्त्यात उतरवा. मी सांगितलेल्या डबासेवेच्या अटींत रात्री 8 होते आणि खाडा नोंदवण्याच्या बटणाखाली रात्री 9. ग्राहक अर्थातच बटण वाचतो.