'प्रशासकीय कारणास्तव' दोन वर्षांतच बदली: अर्जात काय ठेवायचं, काय काढायचं

प्रश्न: मी सेलूत एका राज्य शासकीय कार्यालयात वरिष्ठ लिपिक. 10 जून 2023 ला रुजू झालो, 18 ऑगस्ट 2025 ला भूमला बदली, कारण फक्त 'प्रशासकीय'. माझ्या जागी दुसऱ्याला त्याच ऑर्डरने आणलंय. मला 22 तारखेला एकतर्फी कार्यमुक्त केलं, तेव्हापासून मी मेडिकलवर आहे. साहेबांना अर्ज दिला, आमदारांचं पत्रही जोडलं, उत्तर नाही. आई पॅरालिसिसची, मुलगी दहावीला. अर्ज नीट लिहून द्याल का?

उत्तर: अर्ज वाचला तुमचा. पहिल्या पानावर आई, दुसऱ्या पानावर मुलगी आणि साहेबांनी चार वर्षांपूर्वी कुणाला काय बोललं ते, आणि शेवटच्या दोन ओळीत 'नियमबाह्य बदली रद्द करावी'. कोणता नियम ते कुठंच नाही. महिन्याला असे तीन-चार अर्ज माझ्या टेबलावर येतात आणि सगळ्यांचा साचा हाच, जे आधी पाहिजे ते शेवटी आणि जे शेवटी पाहिजे ते आधी.

तुमची केस एका कलमावर उभी राहील नाहीतर पडेल. 2005 चा बदल्यांचा कायदा आहे (पूर्ण नाव खाली अर्जात लिहिलंय), त्याचं कलम 4(5). साध्या भाषेत त्यात एवढंच आहे की मुदत संपायच्या आत बदली करता येते, पण खास बाब म्हणूनच, कारणं लेखी नोंदवून आणि वरच्या बदली प्राधिकाऱ्याची आधी मान्यता घेऊन. 'आधी' हा शब्द बोट ठेवून वाचा. आदेश 18 तारखेचा आणि मान्यता 25 तारखेची निघाली तर ती कार्योत्तर मान्यता झाली, कायद्याला ती नको आहे. आता तुमच्या हातातली ऑर्डर काढा आणि वरचे 'संदर्भ' बघा. तिथं मान्यतेच्या पत्राचा क्रमांक-दिनांक आहे का? ऑर्डरमध्ये 'पूर्वमान्यतेने' असा शब्द कुठं आहे का? तुम्ही पाठवलेल्या फोटोत मला संदर्भ क्रमांक 2 अर्धाच दिसतो, घडीवर गेलाय. सगळं त्या अर्ध्या ओळीत आहे हो, आणि तुम्ही फोटो पाठवला आईच्या डिस्चार्ज कार्डाचा चार बाजूंनी!

तुमची बदली दोन अंगांनी अडचणीची आहे. कलम 3 प्रमाणे एका पदावर सर्वसाधारण मुदत तीन वर्षं, तुमची झाली दोन वर्षं दोन महिने, म्हणजे मुदतपूर्व. मंत्रालयाबाहेरच्या गट क ला दोन पूर्ण मुदती म्हणजे सहा वर्षं मिळतात असाही युक्तिवाद होतो, पण तुमचे तीनच भरले नाहीत, त्या वादात आपण पडायचंच नाही. दुसरं, कलम 4(4) प्रमाणे बदल्या वर्षातून एकदाच, एप्रिल किंवा मे मध्ये, त्यामुळं ऑगस्टची बदली मध्यावधीही झाली. मध्यावधीला अपवाद आहेत, निवृत्ती-पदोन्नतीनं जागा रिकामी झाली वगैरे, पण तुमची जागा रिकामी नव्हतीच, तुम्ही बसला होता तिथं. उरतो अपवादात्मक परिस्थितीचा अपवाद आणि त्यालाही लेखी कारण आणि वरची पूर्वमान्यता लागतेच.

'प्रशासकीय कारणास्तव' हे कारण नव्हे, कारणाचं शीर्षक आहे. मुंबई हायकोर्टानं 2013 मध्ये किशोर म्हस्के यांच्या प्रकरणात मुदतपूर्व बदलीची खास कारणं नोंदलेलीच पाहिजेत हे नीट सांगितलंय. आणि मोहिंदर सिंग गिल (1978) पासून सुप्रीम कोर्टाचं म्हणणं असं की आदेश त्यात दिलेल्या कारणांवरच तपासायचा, नंतर प्रतिज्ञापत्रात नवी कारणं चिकटवायची नाहीत. मात्र कारण ऑर्डरमध्ये नसलं तरी नस्तीत टिप्पणीवर असू शकतं, म्हणून माझं म्हणणं मी जपून मांडतोय. नस्तीत चांगलं कारण आणि वेळेत मान्यता निघाली तर तुमची केस बरीच पातळ होते, हे आत्ताच ऐकून ठेवा.

आता अर्ज. बदली करणारा प्राधिकारी आणि त्याच्या वरचा कोण हे कलम 6 चा तक्ता आणि तुमच्या खात्याचे अधिकार प्रदानाचे आदेश बघून ठरवा, खात्याखात्यात फरक असतो. अर्ज वरच्या प्राधिकाऱ्याला, मार्फत कार्यालय प्रमुख, आणि एक आगाऊ प्रत थेट. मजकूर असा ठेवा:

*विषय: दि. 18.08.2025 च्या बदली आदेशाविरुद्ध अभिवेदन.*

*महोदय, उपरोक्त आदेशान्वये माझी वरिष्ठ लिपिक या पदावरून भूम येथे बदली करण्यात आली आहे. त्यासंबंधी पुढील बाबी आपल्या विचारार्थ आदरपूर्वक सादर करतो.*

*1. मी सध्याच्या पदावर दि. 10.06.2023 रोजी रुजू झालो. आदेशाच्या दिनांकास माझा कार्यकाळ दोन वर्षे दोन महिने असून महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, 2005 च्या कलम 3 मधील तीन वर्षांचा पदावधी पूर्ण झालेला नाही.*

*2. सदर बदली एप्रिल-मे या कालावधीबाहेर झाली असून कलम 4(4) मधील कोणत्या अपवादाखाली ती करण्यात आली याचा उल्लेख आदेशात दिसून येत नाही.*

*3. आदेशात 'प्रशासकीय कारणास्तव' एवढाच उल्लेख आहे. कलम 4(5) नुसार आवश्यक विशेष कारणे तसेच लगतच्या वरिष्ठ बदली प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता यांचा उल्लेख मला आदेशात आढळला नाही. अशी मान्यता घेतली असल्यास तिची प्रत मिळावी, ही विनंती.*

*4. त्याच आदेशातील अनुक्रमांक ... अन्वये सदर पदावर अन्य कर्मचाऱ्याची विनंतीवरून पदस्थापना करण्यात आली आहे, ही बाब नम्रपणे निदर्शनास आणतो.*

*5. माझी मुलगी इयत्ता दहावीत असून आईस पक्षाघात झालेला आहे. शैक्षणिक वर्षाच्या मध्यावर झालेल्या या बदलीमुळे होणाऱ्या अडचणींचा सहानुभूतीने विचार व्हावा. कागदपत्रे सोबत जोडली आहेत.*

*तरी सदर आदेश माझ्यापुरता रद्द करावा आणि निर्णय होईपर्यंत आदेशाची माझ्यापुरती अंमलबजावणी स्थगित ठेवावी, ही विनंती. योग्य न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याचा माझा हक्क राखून हे अभिवेदन सादर करीत आहे.*

चौथा मुद्दा बघा, तुमच्या अर्जात हेच 'साहेबांनी आपला माणूस बसवण्यासाठी माझा बळी दिला' असं होतं. तसा आरोप करायचा तर त्या अधिकाऱ्याला नावानं प्रतिवादी करावं लागतं, तपशील आणि पुरावा द्यावा लागतो आणि तुमच्याकडं आहे ते कॅन्टीनमधलं बोलणं. पण त्याच ऑर्डरमध्ये दुसऱ्याच्या नावापुढं 'विनंतीवरून' लिहिलं असेल, तर ते सरकारनंच तुम्हाला लिहून दिलंय. ते फक्त दाखवायचं, वाचणारा समजतो. मात्र 'विनंतीवरून' हा शब्द ऑर्डरमध्ये खरंच आहे का ते बघून घ्या, नसेल तर मुद्दाच काढून टाका.

आई आणि मुलगी शेवटी का, तर बदली हा नोकरीचा भाग आहे असं कोर्ट मानतं आणि अडचणींवरून आदेश बेकायदा ठरत नाही. शाळेच्या बाबतीत थोडा आधार आहे, करुप्पा थेवन प्रकरणात 1994 मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की निकड नसेल तर शैक्षणिक वर्षाच्या मध्ये बदली टाळावी. पण तो आधार एकटा चालत नाही, तिसऱ्या मुद्द्याच्या मागं चालतो. दहावीचं बोनाफाईड आणि आईचे एकदोन कागद जोडा, फाईल नको.

आमदारांचं पत्र काढा. बाहेरचं वजन आणणं वर्तणूक नियम 1979 मध्ये बसत नाही. आधीच्या अर्जाबरोबर ते गेलंय, ते आता परत येणार नाही, निदान यात नको.

आता उशिराचं बोलतो, कारण खरा घोळ तिथं आहे. अभिवेदन दिलं म्हणजे आदेश थांबला असं नसतं, गुजरात इलेक्ट्रिसिटी बोर्डाच्या 1989 च्या निकालापासून हे पक्कं आहे. तुम्ही मात्र अर्ज टाकून मेडिकलवर जाऊन बसलात, कागदावर तुम्ही सेलूतून सुटलेले आणि भूमला न पोचलेले, आणि वरचा अधिकारी पहिल्यांदा हेच बघतो. आजार खरा असेल तर सर्टिफिकेट नियमानं रुजू कार्यालयाला कळवा, नसेल तर मेडिकल वाढवत बसू नका. स्थगिती मिळत नाही असं दिसलं तर हक्क राखून रुजू व्हा, रुजू अहवालात 'माझ्या अभिवेदनास व कायदेशीर हक्कास बाधा न येता' अशी ओळ टाका. त्यानं हक्क आपोआप मरतो असं मला वाटत नाही, पण खुर्चीत दुसरा जितका रुळेल तितकी मॅटची अंतरिम स्थगिती अवघड होत जाते.

मॅट म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, आपल्याला छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ. 1985 च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्यात अभिवेदनाचा निकाल लागला तर त्यापासून एक वर्ष, आणि सहा महिने उत्तरच नाही आलं तर त्यापुढं एक वर्ष असा हिशेब आहे. हे वाचून लोक निवांत होतात. अहो, दीड वर्ष ही दाखल करायची मुदत झाली, बदली वाचवायची नव्हे. तिथल्या तारखा कशा पडतात ते मी सांगायला नको, अंतरिम स्थगिती नाकारली गेली तर अंतिम निकालापर्यंत तुमची तीन वर्षं तशीही उलटून जातील. कलम 20 आधी खात्यातले उपाय करा म्हणतं, पण तिथं 'साधारणपणे' असा शब्द आहे, मुदतपूर्व बदलीत थेट गेलेली प्रकरणं ऐकली जातात. म्हणून नवीन अभिवेदनाला दहा-बारा दिवस द्या, फार तर, आणि वकिलाकडं कागद आधीच देऊन ठेवा. (कुणी जिल्हा परिषदेचे कर्मचारी हे वाचत असतील तर तुमचं मॅटमध्ये चालत नाही, तुम्हाला हायकोर्टाचाच रस्ता.)

आणि उद्या सकाळी पहिलं काम माहिती अधिकाराचं. मागायचं एवढंच: या बदलीची नस्ती, टिप्पणीसह, पूर्वमान्यतेचं पत्र आणि त्याचा जावक क्रमांक-दिनांक, आणि प्रस्ताव नागरी सेवा मंडळापुढं गेला असेल तर तिथलं इतिवृत्त. 'माझ्यावर अन्याय का केला' असं विचारू नका, तो प्रश्न झाला, माहिती नव्हे, आणि तेवढ्या कारणावरून अर्ज परत येतो. उत्तराला तीस दिवस असतात, तोवर अभिवेदन थांबवू नका.

तुमच्या आधीच्या अर्जावर आवकचा शिक्काच नाही, 'साहेबांच्या हातात दिला' म्हणता. मग तो दिला हे दाखवायला तुमच्याकडं काहीच नाही. नवीन अर्जाची दुसरी प्रत घेऊन आवक टेबलाला जा, क्रमांक आणि तारखेसह शिक्का घ्या, घ्यायला कुरकुर केली तर त्याच दिवशी स्पीड पोस्टानं पोचपावतीसह पाठवा. आणि ऑर्डरचा फोटो परत पाठवा, घडी उलगडून.