जिम आणि योगासाठी कोणत्या कापडाचे कपडे घ्यावेत? घाम लगेच वाळावा, कपडा ताणला जावा आणि वास मारू नये, असं एकच कापड मिळतं का?

एकच मिळत नाही. आणि इथे कुणीतरी "डोळे झाकून शंभर टक्के कॉटन घ्या" असं लिहिणारच, म्हणून आधीच लिहितो.

मी इचलकरंजीचा. घरचे माग. आमच्या तात्यांचं, म्हणजे थोरल्या चुलत्यांचं, उभं आयुष्य कॉटनमध्ये गेलं. मी खेळाच्या कपड्यांचं दुकान टाकलं तेव्हापासून जेवताना एकच विषय: "प्लॅस्टिक इकतोयस व्हय लोकांस्नी? कापड कसं घाम पिणारं पायजे." पितं, हे खरं. पण पिऊन ठेवतं कुठं? स्वतःच्या पोटात. कॉटनचा तंतू आतून पाणी धरतो, फुगतो आणि मग अंगाला चिकटून बसतो. साध्या हवेत, कोरडा वाटणारा कॉटनचा कपडासुद्धा वजनाच्या साधारण ८ टक्के ओल बाळगून असतो. पॉलिस्टरमध्ये ती अर्धा टक्काही नसते. पॉलिस्टरचा तंतू पाणी पीतच नाही. घाम तंतूंच्या मधल्या फटींतून सरकत बाहेरच्या बाजूला येतो, पातळ पसरतो आणि उडतो.

म्हणूनच नुसतं लेबलवर पॉलिस्टर वाचून काही कळत नाही. रेनकोटही पॉलिस्टरचा असतो. घाम बाहेर काढण्याचं काम विणीचं आणि वरच्या फिनिशचं. आमच्याकडे डॉट निट म्हणून बारीक भोकांचं कापड येतं, ते वरच्या अंगासाठी चांगलं. चकचकीत सुपर पॉली जिमसाठी घेऊ नका, विक्रेता काहीही म्हणो. दुकानात तपासायचं तर आतल्या बाजूला पाण्याचा एक थेंब टाका. दोन-तीन सेकंदांत पसरला तर ठीक. मण्यासारखा उभा राहिला तर "ड्राय फिट" असं छातीवर कितीही मोठं छापलेलं असो, ठेवून द्या.

आता वासाचं. इथंच माझं दुखणं आहे.

गावातल्या एका जिमने ट्रेनर लोकांसाठी माझ्याकडून डॉट निटचे टी-शर्ट छापून घेतले. उन्हाळा मजेत गेला. पावसाळ्यात मालक गठ्ठा घेऊन दुकानात हजर: "धुतले तरी वास मारतात, माल परत घ्या." गिऱ्हाइकांसमोर. तात्या नेमके गल्ल्यापाशी बसलेले, त्यांना तर सणच. मी एक टी-शर्ट हुंगला, काही नाही, साबणाचा सुगंध. मालक म्हणाला, "अहो, अंगात घालून पाच मिनिटं दोऱ्या मारा, मग बघा." घातला. खरंच, अंग तापलं तसा काखेतून तोच जुना आंबूस वास उठला.

याचं कारण माल खराब असणं नव्हे. पॉलिस्टरला पाणी नको असतं, पण तेल हवं असतं. अंगाचा तेलकटपणा त्याच्या तंतूला धरून बसतो, वासाची द्रव्यंही त्याच तेलात मुरतात, आणि गार पाण्यातल्या घाईच्या धुण्यात ती निघत नाहीत. कपडा कोरडा आणि गार असेपर्यंत गप्प. ऊब आणि ओल मिळाली की पुन्हा जागा होतो. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला होता. २६ जणांना तासभर जोरात सायकल मारायला लावली, टी-शर्ट दिवसभर तसेच ठेवले आणि मग हुंगून घेतले. पॉलिस्टरचे जास्त वाईट ठरले, आणि मायक्रोकॉकस नावाचे जंतू त्यांच्यावर खास वाढलेले सापडले. कॉटनचा तंतू पाण्याशी सलगी करतो, म्हणून धुताना साबणाच्या पाण्याबरोबर घाण सोडतो. एवढ्यापुरते तात्या बरोबर. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

पण त्या गठ्ठ्यात आणखी एक भानगड होती. मी थेंब टाकला तर तो मण्यासारखा उभा! नवीन असताना हाच कपडा थेंब क्षणात पसरवत होता. खोदून विचारलं तेव्हा कळलं, वास झाकायला मावशी प्रत्येक धुण्यात सुगंधी कंडिशनर ओतत होत्या. कंडिशनर तंतूवर मऊ चिकट थर देतो. त्याने घाम सरकायच्या वाटा बुजतात, खालचं तेल आणखी पक्कं होतं आणि कापडाला ताण देणारा लायक्राचा धागा असेल तर तोही लवकर मरतो. वर पावसाळा, कपडे जिमच्या मागच्या कोंदट खोलीत बोळा करून पडलेले.

मी माल परत घेतला नाही. दोन टी-शर्ट मात्र घरी नेले. उलटे करून काखेत भांड्यांचं लिक्विड चोळलं, हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात एन्झाइमवाली पावडर घालून तासभर भिजवले, भरपूर खळबळून सावलीत वाऱ्यावर टाकले. पहिल्या खेपेत वास निम्मा गेला, थेंब जरा पसरायला लागला. पुन्हा तसंच केल्यावर टी-शर्ट वापरण्याजोगे झाले, अगदी नव्यासारखे मात्र नाहीत. मालकाला तसंच करायला सांगितलं, कंडिशनर बंद करवला. उकळतं पाणी वापरू नका, लायक्रा सैल पडते. "अँटी ओडर" लिहिलेल्या कपड्यांवर बहुधा चांदीचं किंवा तसलं फिनिश असतं, ते धुण्यागणिक उतरत जातं. त्यासाठी जास्त पैसे मी तरी देणार नाही.

योगाबद्दल तुम्ही विचारलंय, तिथं तात्यांशी माझं भांडण थोडं मिटतं. सावकाश आसनं, प्राणायाम, शवासन यांत घाम बेताचा. तिथं ९५ टक्के कॉटन आणि ५ टक्के लायक्राची होजियरी मस्त, अंगाला गार. नुसती लायक्राशिवायची कॉटन पँट गुडघ्यावर पिशवी होऊन बसते. सूर्यनमस्कार किंवा पॉवर योगा असेल तर नायलॉन-लायक्रा घ्या, लायक्रा २० टक्क्यांच्या आसपास. नायलॉन पॉलिस्टरपेक्षा मऊ लागतं आणि घासायला टिकाऊ. 'फोर-वे' म्हणजे आडवं आणि उभं दोन्हीकडे ताणणारं; दुकानात दोन्हीकडे ओढून बघा, सोडल्यावर लगेच मूळ मापावर आलं पाहिजे. ओढल्यावर कापड पांढुरकं पडून आतला हात दिसला तर वाकल्यावर सगळ्यांना सगळं दिसणार. लेगिंगला २२० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला २२० ग्रॅम वजनाच्या, खाली जाऊ नका.

थोडं सावधपण सांगायचं राहिलं. पॉलिस्टरने अंगाला खाज येणारे, घामोळ्यांचे लोक आहेत, त्यांनी माझं ऐकू नये. कोरड्या उन्हात, नागपूरकडे वगैरे, ओल्या कॉटनने गारवाही मिळतो. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात मात्र हवाच ओली असते, तिथं कुठल्याच कापडावरून घाम भराभर उडत नाही. पॉलिस्टरचा फायदा एवढाच की पंख्याखाली ते लवकर वाळतं आणि पिळून निघालेलं कॉटन दुसऱ्या सकाळीही दमटच असतं. दमट कॉटनचा वास पॉलिस्टरपेक्षा काही कमी नसतो, तात्यांनी स्वतःची बनियन एकदा हुंगावी.

तेव्हा वर डॉट निट, खाली नायलॉन-लायक्रा, शांत योगासाठी कॉटन-लायक्रा. आल्या आल्या कपडे बॅगेतून बाहेर काढा, आणि त्याच दिवशी धुवा.