मालकाच्या शिव्यांचं रेकॉर्डिंग आहे, पण जायचं कुठं?

वकीलसाहेब, जुळे सोलापुरात आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे, सातच माणसं, एचआर नाही. मालक सगळ्यांदेखत आईबहिणीवरून शिव्या देतो. जून-जुलैचा पगार अडवलाय. मागितला की म्हणतो, "सोड नोकरी, बघतो तुला कोण ठेवून घेतं." मी मोबाइलवर गुपचूप रेकॉर्डिंग केलंय. ते चालेल, की मीच अडकेन?

ज्या बोलण्यात तुम्ही स्वतः होता, ते रेकॉर्ड केलं एवढ्यावरून तुमच्यावर गुन्हा होत नाही. फोन चालू ठेवून खोलीबाहेर मात्र जाऊ नका. दुसऱ्यांचं आपसातलं बोलणं टिपलंत तर ते तुमच्यावरच उलटेल.

रेकॉर्डिंग कोर्टात टिकत नाही ते बहुधा हाताळणीमुळे. लोक हवा तेवढा तुकडा कापून ठेवतात, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात आणि जुना फोन विकून टाकतात. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, लिहावी लागते. एक सेकंद कापला तरी ती बदलते. म्हणून अख्खी फाइल मूळ फोनमध्येच राहू द्या, एक प्रत केबल लावून पेनड्राइव्हवर घ्या.

शिवीगाळ झाली की त्याच संध्याकाळी स्वतःच्या ईमेलवरून मालकाला लिहा: "आज सकाळी साडेअकराच्या मीटिंगमध्ये आपण मला हे शब्द वापरलेत. अमुक सहकारी हजर होते. जून-जुलैचा पगार मिळालेला नाही, तो कधी मिळेल ते कळवावे." शिवी जशीच्या तशी लिहा, लाजू नका. विशेषणं नकोत, धमकी नको. ऑफर लेटर, पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट घरी ठेवा. क्लायंटची एकही फाइल बाहेर नेऊ नका, नाहीतर तोच तुमच्यावर केस करेल.

नुसत्या शिवीगाळीवर पोलीस भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५२ खाली बहुधा एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, नोंदवतील, आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तिचा तपास होत नाही. तरीही नोंदवा, प्रत घ्या. पण खरा जोर मी पगारावर लावीन. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत पगार कितीही असो, थकबाकीसाठी तीन वर्षांच्या आत दावा करता येतो. सुरुवात सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयातून करा. राजीनामा दिलात तर दोन कामकाजी दिवसांत हिशेब चुकता करणं मालकावर बंधनकारक आहे. राजीनाम्यात "वैयक्तिक कारणास्तव" मात्र लिहू नका. हे दोन शब्द पुढे उलटतपासणीत तुमच्याच तोंडावर वाचले जातात. थकलेला पगार आणि शिवीगाळ हेच कारण लिहा.

ऑफिसात कोणी महिला सहकारी असेल आणि तिच्याशी तो लैंगिक अर्थाचं बोलत असेल, तर तिचा मार्ग वेगळा आहे. दहापेक्षा कमी माणसं असली, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असली, तर लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. मुदत शेवटच्या घटनेपासून तीन महिने आहे, तेव्हा तिला हे आजच सांगा.