बाबांच्या निलंबनाचा आदेश आणि वरळीतली वकिली

"सर, मी एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझे बाबा आमच्या भागातल्या वाचनालयाच्या ट्रस्टचे विश्वस्त आहेत, खजिनदार म्हणून काम बघतात. गेल्या महिन्यात धर्मादाय आयुक्तांकडून त्यांच्या निलंबनाचा आदेश आला. अपील कुठे करायचं, असं घरात सगळ्यांनी मला विचारलं आणि मला सांगता आलं नाही. मला याच क्षेत्रात वकिली करावीशी वाटते, पण माझे सीनियर म्हणतात, तिथे नुसते फॉर्म भरायचे असतात. खरं काय?"
— कायद्याची विद्यार्थिनी, लालबाग

तुझ्या सीनियरांचं अर्धं खरं आहे. फॉर्म पुष्कळ असतात. पण घरच्यांना जे सांगता आलं नाही, ते सांगता येणं हीच या क्षेत्रातली खरी वकिली आहे. म्हणून बाबांचाच आदेश समोर ठेवून बोलतो.

आदेश हातात घे आणि तो कोणत्या कलमाखाली, कोणत्या पोटकलमाखाली दिला आहे ते शोध. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० या कायद्याच्या कलम ४१-ड मध्ये 'निलंबन' हा शब्द दोन वेगळ्या अर्थांनी येतो. पोटकलम १ मधलं निलंबन म्हणजे चौकशी पूर्ण होऊन, आरोप सिद्ध धरून दिलेली शिक्षा. पोटकलम ३ मधलं निलंबन म्हणजे आरोपांचा निकाल लागेपर्यंत विश्वस्ताला तात्पुरतं बाजूला ठेवणं. घरी दोन्ही आदेश सारखेच भासतात, पण त्यांच्याविरुद्ध दाद मागायची ठिकाणं एकच असतील असं नाही.

शिक्षा म्हणून निलंबित केलेल्या, काढलेल्या किंवा बडतर्फ केलेल्या विश्वस्ताला आदेश कळवल्याच्या तारखेपासून ९० दिवसांत 'न्यायालया'कडे अर्ज करता येतो. या कायद्यात 'न्यायालय' म्हणजे मुंबईत शहर दिवाणी न्यायालय आणि मुंबईबाहेर जिल्हा न्यायालय. तिथल्या निर्णयावर पुढे उच्च न्यायालयात अपील. अर्जाची ही तरतूद पोटकलम १ खालच्या आदेशांसाठी आहे. त्यामुळे बाबांचा आदेश चौकशी चालू असतानाचा असेल, तर 'हा अर्ज इथे चालतच नाही' असा आक्षेप पहिल्याच तारखेला येऊ शकतो. अशा आदेशाविरुद्ध वकील अनेकदा उच्च न्यायालयात रिट याचिका करतात. ठिकाण चुकलं की आधी महिने जातात, मग मुदतीचं भांडण सुरू होतं.

आता दिवस मोजून बघ. समजा आदेश ३ जानेवारीचा आहे आणि बाबांच्या हातात १२ जानेवारीला पडला. कळवल्याच्या दिवसापासून मोजलं, तर लीप वर्ष नसताना ९० वा दिवस १२ एप्रिलला येतो. आदेशाच्या तारखेपासून मोजलं, तर ३ एप्रिलला. कायदा पहिल्या बाजूने आहे, तरी मी माझ्या डायरीत कायम ३ एप्रिलच लिहिली असती. १२ जानेवारी सिद्ध करायला टपालाचं पाकीट लागतं आणि पाकिटं घरात हमखास टाकून दिली जातात. बाबांचं पाकीट असेल तर आजच फाईलला लाव.

यानंतर आदेशाचं पोट तपासायचं. विश्वस्ताला कशासाठी काढता येतं, ते ४१-ड मध्ये नेमकं दिलं आहे: हिशेब-अहवाल देण्यात वारंवार कसूर, कायदेशीर आदेशाची जाणूनबुजून अवज्ञा, कर्तव्याकडे सतत दुर्लक्ष, विश्वासभंग, मालमत्तेची अफरातफर किंवा गैरव्यवहार वगैरे. 'वारंवार', 'जाणूनबुजून', 'सतत' हे शब्द अधोरेखित कर. विश्वस्तांची आपसात पटत नाही, हे एवढंच काढून टाकायचं कारण होत नाही. शिवाय आरोप निश्चित करून विश्वस्ताला कळवावे लागतात, समोरचा पुरावा तपासायची आणि आपला पुरावा द्यायची संधी द्यावी लागते, आणि अंतिम आदेशात प्रत्येक आरोपावर स्वतंत्र निष्कर्ष कारणांसह लिहावा लागतो. तात्पुरतं निलंबनसुद्धा 'निश्चित केलेल्या आरोपांचा' निकाल लागेपर्यंतच असतं. म्हणजे आरोपच निश्चित झाले नसतील, तर निलंबन टिकवणं अवघड. यासाठी वरळीला ॲनी बेझंट रोडवरच्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन फाईल बघायचा अर्ज द्यावा लागतो आणि प्रकरणाच्या तारीखवार नोंदींची, म्हणजे रोजनाम्याची, प्रमाणित प्रत घ्यावी लागते. आरोप कोणत्या तारखेला निश्चित झाले, की झालेच नाहीत, हे रोजनामा सांगतो.

समजा बाबांवर दोन आरोप आहेत. एक, मागच्या वर्षीचं ऑडिट उशिरा दाखल झालं. दोन, वाचनालयाची एक खोली पाच वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. पहिल्यात आधीच्या वर्षांच्या ऑडिटच्या पोचपावत्या काढ. त्या वेळेवरच्या असतील तर एका वर्षाचा उशीर 'वारंवार' या शब्दात बसत नाही. दुसरा आरोप गंभीर आहे. ट्रस्टची इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची तर कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. इथे बाबा निर्दोष आहेत असं ओढूनताणून म्हणू नकोस. ठराव कुणी मांडला, सह्या कुणाच्या, भाडं ट्रस्टच्याच खात्यात आलं का, हे कागदांवरून दाखव. सगळ्याच विश्वस्तांनी ठराव केला असेल आणि कारवाई एकट्या खजिनदारावर झाली असेल, तर ते न्यायालयासमोर ठळकपणे यायला हवं.

नवे वकील एक गोष्ट विसरतात. नुसता अर्ज दाखल केल्याने आदेश थांबत नाही. स्थगितीची मागणी वेगळी करावी लागते. ती मिळाली नाही, तर मधल्या काळात बँकेतल्या सह्या बदलतात, एखादा नवा विश्वस्त येतो आणि कलम २२ खाली त्या बदलाचा अहवाल, म्हणजे चेंज रिपोर्ट, दाखल होतो. बदल घडल्यापासून ९० दिवसांत तो द्यायचा असतो. उप किंवा सहायक धर्मादाय आयुक्तांनी तो मंजूर केला की नोंदवहीत, म्हणजे शेड्यूल वनमध्ये, नावं बदलतात. जमिनीच्या भांडणात जसा सातबारा, तसा इथे शेड्यूल वनचा उतारा. मालकीचा अंतिम निकाल नसला, तरी बँक आणि सरकारी कार्यालयं आधी तोच मागतात. म्हणून चेंज रिपोर्टलाही हरकत घ्यावी लागते. त्या आदेशाची वाट पुन्हा निराळी: कलम ७० खाली ६० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे अपील, त्यानंतर कलम ७२ खाली ६० दिवसांत शहर दिवाणी न्यायालय. एकाच भांडणात दोन वाटा, दोन मुदती. एक सांभाळून दुसरी हुकलेली प्रकरणं मी पाहिली आहेत आणि त्या माणसांची तोंडं अजून आठवतात.

आता तुझं. फॉर्म भरायच्या कामाला नाक मुरडू नकोस. न्यासाची नोंदणी, ऑडिट, चेंज रिपोर्ट अशी कामं एक वर्ष हातांनी कर, कारण ४१-डची लढत याच कागदांवर लढली जाते. पण सीनियर असा निवड, जो वरळीबरोबर शहर दिवाणी न्यायालयातही नियमित उभा राहतो, नाहीतर उलटतपासणी शिकायची राहून जाईल. नोकरीचा विचार असेल तर सहायक धर्मादाय आयुक्ताच्या पदासाठी एमपीएससीच्या जाहिरातींवर लक्ष ठेव. पात्रतेच्या अटी जाहिरातीतूनच वाच, ऐकीव माहितीवर जाऊ नकोस.

बाबांचं प्रकरण तू स्वतः चालवू नकोस. सनद अजून नाही, आणि असती तरी घरच्या माणसाची उलटतपासणी शांतपणे ऐकून घेणं कठीण असतं. अनुभवी वकील द्या आणि त्यांच्यासाठी तारखांचा तक्ता तू कर: आरोप कधी निश्चित झाले, आदेश कधीचा, तो हातात कधी आला, चेंज रिपोर्ट पडला का. गेल्या महिन्यातला आदेश म्हणजे नव्वदातले बरेच दिवस सरलेत. प्रमाणित प्रतीचा अर्ज याच आठवड्यात दे.