नकारानंतरचे चार मेसेज

'तीन वर्षांची मैत्रीण. तिला मनातलं सांगितलं. "तू खूप जवळचा आहेस, पण मला तसं वाटत नाही," असं ती शांतपणे म्हणाली. आता तिच्यासमोर कसं जायचं? मैत्री टिकेल का?'

याच पेचात सापडलेला एक तरुण समुपदेशनाला आला, तो फोन पुढे करतच. नकार मिळाल्यावर त्याच रात्री त्याने चार मेसेज पाठवले होते. 'ठीक आहे, समजलं.' मग 'पण नक्की कारण काय?' मग 'माझं काही चुकलं का?' आणि शेवटी 'सॉरी, सगळं विसरून जा.' ती गप्प झाली होती.

खरं तर पहिला मेसेज पुरेसा होता. कारण विचारलं की समोरच्याला आपला नकार पटवून द्यावा लागतो, आणि जे काही कारण मिळेल ते दुरुस्त करायची आशा आपण धरून बसतो. 'माझं चुकलं का' या प्रश्नाने तर आपली समजूत काढायचं कामही तिच्याच गळ्यात पडतं.

आम्ही एकच मेसेज लिहायला घेतला. त्याच्या कच्च्या मजकुरात 'निदान मैत्री तरी तोडू नकोस' असं होतं. ते खोडायला लावलं, कारण ती पुन्हा एक मागणीच होती. शेवटी गेला तो असा: 'त्या रात्री लागोपाठ मेसेज केले, त्याचं दडपण आलं असेल. तुझं उत्तर मला कळलं आहे, हा विषय मी पुन्हा काढणार नाही. काही आठवडे कमी बोलेन. राग नाही, मला सावरायला वेळ हवाय.' प्रश्न एकही नाही, त्यामुळे उत्तर द्यायची सक्तीही नाही.

मेसेजमधलं शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. न सांगता गप्प झालात तर तो अबोला वाटतो, शिक्षा वाटते.

त्या आठवड्यांत त्याने तिचं स्टेटस बघणं थांबवलं आणि सामायिक मित्रांकडे तिची चौकशी केली नाही. मन मोकळं करायला ग्रुपबाहेरचा एक मित्र निवडला. सगळे भेटले की मात्र इतरांशी बोलायचा तेवढंच तिच्याशीही. दुसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, "ती हसून बोलली, म्हणजे विचार बदलतोय का?" नाही. तिला हायसं वाटलं होतं, इतकंच. 'सध्या नको' असं उत्तर असतं तरी तो नकारच धरायचा, विषय पुन्हा निघालाच तर तिच्याकडून.

मैत्रीला आपण तयार आहोत का, हे ओळखायची एक खूण आहे. तिच्या आयुष्यात दुसरं कुणी आलं, ही बातमी ती स्वतः सांगतेय अशी कल्पना करा. छातीत थोडी कळ येईल, ती चालेल. पण तिचं मन वळवावंसं वाटलं, तर अजून अंतर हवं. आणि तिलाच अंतर हवं असेल, तर तेही मान्य करावं लागतं.

सहाव्या आठवड्यात तिने त्याला एका अर्जाचा मसुदा तपासायला पाठवला. त्याने दोन चुका दाखवून परत केला, खाली एवढंच लिहिलं: 'बाकी नीट आहे, पाठव.'